डॉलर फेब्रुवारीत येणार, फॉरवर्ड डिसेंबरचा

९ डिसेंबर २०२४ ला दुबईच्या ग्राहकाची मेल आली. साइटचं काम मागे पडलंय, पहिल्या लॉटचे पैसे डिसेंबरअखेर नाही, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात देऊ; दुसरा लॉट आता नको. चार ओळींची, सभ्य मेल. आमच्याकडे मात्र त्याच पैशांवर बँकेशी केलेला एक करार होता आणि त्यावर तारीख होती ३० डिसेंबर.

मरोळ एमआयडीसीत आमचं लहानसं युनिट आहे, औद्योगिक व्हॉल्व्ह बनवतो. कारखाना दादा बघतो, हिशेब आणि बँक माझ्याकडे. फॉरवर्ड, म्हणजे पुढे येणारे डॉलर आजच ठरवलेल्या भावाने बँकेला विकायचे करार, आम्ही आधीही केले होते, पण ते सगळे सरळ गेले होते: डॉलर आले, ठरलेल्या भावाने बँकेला दिले, संपलं. पैसे लांबले किंवा ऑर्डरच गेली तर काय करायचं हे शोधताना मला इंग्रजीत नियम सापडले, पण कुणी प्रत्यक्ष केलेलं मराठीत काही मिळालं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आकडे आमचेच आहेत.

आधी करार काय होता ते सांगते. २८ ऑगस्टला डॉलर ८३ रुपये ९५ पैशांच्या आसपास होता. आम्ही ८०,००० डॉलर ३० डिसेंबरच्या तारखेला बँकेला विकायचे ठरवून टाकले, भाव मिळाला ८४.४५. बाजारभावापेक्षा जास्त मिळतो तो प्रीमियम. निर्यातदाराला तो मिळतो, आयातदाराला भरावा लागतो. या ८०,००० मागे दोन गोष्टी होत्या: ५०,००० चा पहिला लॉट, जो जहाजावर चढला होता आणि ज्याची शिपिंग बिलं हातात होती, आणि ३०,००० चा दुसरा लॉट, ज्याची फक्त पक्की पर्चेस ऑर्डर होती. बँकेने दोन्ही मिळून एकच करार केला होता.

मेल वाचून दादा म्हणाला, "मग बँकेला सांग ना, दोन महिने पुढे ढकला." मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. शाखेत फॉरेक्स बघणाऱ्या मॅडमना फोन केला, तर त्यांनी पहिल्याच मिनिटात सांगितलं, "ढकलणं असं काही नसतं. जुना करार आजच्या भावाने रद्द होतो, त्याचा फरक तुम्ही देता किंवा तुम्हाला मिळतो, आणि मग आजच्या भावाने नवा करार होतो. दोन्ही एकाच वेळी केलं की त्याला आम्ही रोलओव्हर म्हणतो." जुन्याच भावाने तारीख फक्त पुढे सरकवून मिळत नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितली. ३० डिसेंबरपर्यंत आम्ही काहीच लेखी कळवलं नाही, तर फेडाईच्या नियमाप्रमाणे मुदतीनंतरच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी करार आपोआप रद्द होणार, म्हणजे २ जानेवारीला. (फेडाई म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकांची संघटना, १९५८ पासूनची, मुख्यालय मुंबईतच.) तशा आपोआप रद्द झालेल्या करारात तोटा निघाला तर तो ग्राहकाने भरायचा, नफा निघाला तर तो मात्र ग्राहकाला मिळत नाही, कारण चूक ग्राहकाची धरली जाते. म्हणून तुमच्याकडे असं काही आलं तर पहिलं काम हे: मुदतीची तारीख कॅलेंडरवर टाका आणि त्याआधी बँकेला लेखी सूचना पोचेल असं बघा. फोनवर बोलणं म्हणजे सूचना नाही.

त्या संध्याकाळी मी कागद घेऊन बसले आणि ८०,००० चे तुकडे पाडले. मला वाटतं संपूर्ण प्रकरणात हेच सगळ्यात महत्त्वाचं काम होतं. पुढे ढकललेले ५०,००० आणि रद्द झालेले ३०,००० हे एकाच करारात असले तरी त्यांचा धोका वेगळा आहे.

५०,००० डॉलर येणारच आहेत, फक्त उशिरा. डॉलर महागला तर जुना करार मोडताना मला फरक भरावा लागेल, पण नवा करारही तेवढ्याच महाग भावाने होईल. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने परत येईल. तिथे काळजी फक्त रोकडीची: देणं आत्ता, घेणं दोन महिन्यांनी.

३०,००० चं तसं नाही. ते डॉलर येणारच नाहीत, आणि तरीही मी ते बँकेला विकून बसले आहे. म्हणजे त्या मेलच्या क्षणापासून आमच्याकडे नसलेल्या डॉलरची विक्री उघडी पडली. डॉलर वर गेला की आमचा तोटा वाढणार, आणि त्याच्यासमोर भरपाई करणारं काहीही नाही. व्हॉल्व्ह विकणाऱ्या माणसाने रुपयावर सट्टा लावल्यासारखंच ते झालं. रिझर्व्ह बँकेची अपेक्षाही अशीच आहे: ज्या व्यवहारासाठी करार केला तो पूर्ण किंवा अंशतः संपला, तर करारही त्या प्रमाणात कमी करा. त्याला एक वाट ठेवली आहे. तुमच्याकडे दुसरा एखादा डॉलरमधला व्यवहार असेल ज्यावर कव्हर घेतलेलं नाही, म्हणजे ज्याचा भाव अजून बांधलेला नाही, तर तोच करार त्याला जोडता येतो.

तसा आमच्याकडे एक होता. शारजाच्या एका ग्राहकाकडून ८,२०० डॉलर ॲडव्हान्स २० डिसेंबरच्या सुमारास यायचा होता. त्यातले ८,००० या कराराला जोडायचे आणि उरलेले २२,००० रद्द करायचे असं ठरलं.

दादाला हे जोडणं पटेना. "बाजारात जास्त भाव असताना शारजाचे डॉलर ८४.४५ ने का द्यायचे?" प्रश्न रास्त होता. उत्तर असं की ते दिले नाहीत तर तेवढेच ८,००० आपल्याला बाजारभावाने विकत घेऊन बँकेला द्यायचे आहेत; रद्द करण्याचा अर्थ तोच. एकीकडे चढ्या भावाने विकायचे, दुसरीकडे त्याहून थोड्या चढ्या भावाने घ्यायचे. मधला फरक बँकेचा. आमच्या बाबतीत तो डॉलरमागे १६ पैशांच्या आसपास निघत होता, म्हणजे ८,००० वर बाराशे-तेराशे रुपये. जोडल्याने फार मोठं काही मिळत नाही, पण बँकेला दोनदा मार्जिन देणं वाचतं.

१० आणि ११ डिसेंबर कागदांत गेले. दुबईची पहिली मेल बँकेला पुरेशी वाटली नाही, कारण तिच्यात "फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा" असं मोघम होतं आणि दुसऱ्या लॉटचा ऑर्डर क्रमांक नव्हता. ग्राहकाला विनंती करून दोन गोष्टी मागवल्या: पहिल्या इन्व्हॉइसच्या पैशांची नवी तारीख, त्यांनी २५ फेब्रुवारी दिली, आणि दुसऱ्या ऑर्डरचं रद्दपत्र, क्रमांक आणि रकमेसह. आमच्याकडून गेलं ते लेटरहेडवरचं पत्र. त्यात कराराचा क्रमांक, मूळ रक्कम, मुदत, भाव, किती रद्द, किती पुढे, कारण, फरक आणि चार्जेस आमच्या चालू खात्यातून वळते करायला परवानगी, आणि या व्यवहारावर दुसऱ्या कुठल्या बँकेत कव्हर घेतलेलं नाही असं निवेदन. सही अशाच माणसाची हवी ज्याचं नाव बँकेकडच्या अधिकृत सह्यांच्या यादीत आहे. ती सही दादाची होती आणि दादा त्या दिवशी वसईला एका फाउंड्रीत होता, म्हणून एक संध्याकाळ गेली. शक्य असेल तर दोघांच्या सह्या आधीच नोंदवून ठेवा.

१२ डिसेंबरला सकाळी साडेदहाच्या सुमारास मॅडमनी बीकेसीतल्या ट्रेझरीच्या डीलरला लाइनवर घेतलं. हे फोन रेकॉर्ड होतात, आणि भाव ऐकून तुम्ही "डन" म्हटलंत की झालं. विचार करून कळवते म्हणायला वाव आहे, पण मग तो भाव गेला. मी आधी बाजारभाव बघून ठेवला होता. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचं एफएक्स-रिटेल हे व्यासपीठ छोट्या ग्राहकांसाठी २०१९ पासून आहे. तिथे नोंदणी असली की बँका-बँकांमधला भाव काय चाललाय त्याचा अंदाज येतो आणि डीलरशी बोलताना हातात काहीतरी असतं.

डॉलर त्या दिवशी ८४.८६ च्या आसपास होता. आमचा करार ३० तारखेचा, म्हणून मुदतीआधी रद्द करताना भाव आजचा नाही, ३० तारखेचा फॉरवर्ड लागतो: बाजारभाव, अधिक तेवढ्या दिवसांचा सात-आठ पैसे प्रीमियम, अधिक बँकेचं मार्जिन. आणि निर्यातीचा करार रद्द करताना बँक तुम्हाला डॉलर विकते, तेव्हा भाव बँकेचा विक्रीचा. (आयातदाराचा करार रद्द होताना उलट, खरेदीचा.) मिळालेला भाव ८५.०२. फरक ५७ पैसे, २२,००० डॉलरवर १२,५४० रुपये. वर ७५० रुपये चार्ज आणि त्यावर १८% जीएसटी, म्हणजे ८८५. हे सगळं दुसऱ्याच दिवशी खात्यातून गेलं, ३० तारखेची वाट न बघता.

हा खरा तोटा. याच्यासमोर काही येणार नाही. ग्राहकाशी झालेल्या करारात ऑर्डर रद्द केल्यास कव्हरचा खर्च त्यांनी द्यावा असं कलम असतं तर मागता आलं असतं. आमच्या ऑर्डरमध्ये तसं काही नव्हतं. मी तरीही इनव्हॉइस न करता, साध्या मेलवर बँकेची डेबिट नोट जोडून विचारलं. त्यांनी पुढच्या ऑर्डरच्या भावात बघू असं लिहिलं. बघू.

५०,००० ला मात्र मी त्या दिवशी हात लावला नाही. कारण वर सांगितलंच, तिथे उशीर करण्यात धोका नव्हता. शिवाय फरक जितका उशिरा भरावा लागेल तितकं आमच्या खेळत्या भांडवलाला बरं.

१९ डिसेंबरला डॉलरने पहिल्यांदा ८५ ओलांडला. आदल्या रात्री अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने पुढच्या वर्षी व्याजदर कपात कमी होईल असं सुचवलं होतं आणि सगळीकडेच डॉलर वधारला. दादाने दुपारी डबा उघडतानाच विचारलं, "आपलं किती वाढलं?" ५०,००० वर पैशामागे ५०० रुपये, हा हिशेब त्याला आता पाठ झाला होता.

शारजाचे ८,२०० डॉलर २० तारखेला आले. ते थेट कराराला दिले असते तर मुदतीआधी दिले म्हणून दहा दिवसांच्या प्रीमियमचा फरक बँकेने कापला असता. त्याऐवजी ईईएफसी खात्यात, म्हणजे निर्यातदाराच्या डॉलर खात्यात, ठेवले आणि ३० तारखेला त्यातले ८,००० कराराखाली दिले. या खात्यात व्याज मिळत नाही आणि आलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत वापरावी किंवा रुपयांत बदलावी लागते, पण दहा दिवस ठेवायला ते उत्तम. २०० डॉलर तसेच राहू दिले.

रोलओव्हरचा दिवस मी २६ डिसेंबर ठरवला होता. त्याला कारण आहे. आपण बातम्यांत ऐकतो तो डॉलरचा भाव स्पॉटचा, म्हणजे दोन कामकाजाच्या दिवसांनी देणं-घेणं होईल असा. २५ ला नाताळ, २८-२९ शनिवार-रविवार. २६ ला सौदा केला तर स्पॉटची तारीख बरोबर ३० येते, म्हणजे आमची मुदत. तोच सौदा ३० ला करायला गेलं तर त्याच दिवशी देणं-घेणं धरून भाव काढावा लागतो, त्यात आणखी एक समायोजन येतं, आणि वर्षअखेरीला ते पैसे किती धरतील याचा भरवसा नसतो. मुदतीच्या दोन कामकाजाच्या दिवस आधी बोला, गणित स्वच्छ राहतं.

नवी तारीख कोणती घ्यायची यावर मी थोडा वेळ घालवला. ग्राहक म्हणतोय २५ फेब्रुवारी. पण २६ ला महाशिवरात्र, बँका बंद. १९ ला शिवजयंती, तीही सुट्टी. १७ ला अमेरिकेत सुट्टी, त्या दिवशी डॉलर हलत नाहीत. आणि जो एकदा दोन महिने मागे गेला तो आठवडाभर पुढेमागे होणार हे धरूनच चालायचं. एका ठरावीक तारखेऐवजी खिडकी घेता येते, म्हणजे अमुक ते अमुक तारखेच्या दरम्यान कधीही डॉलर द्या. ती जास्तीत जास्त एक महिन्याची असते. मी १४ ते २८ फेब्रुवारी घेतली. याची किंमत अशी की निर्यातदाराला प्रीमियम खिडकी उघडते त्या दिवसापर्यंतचाच मिळतो, म्हणजे १४ पर्यंतचा. दोन आठवड्यांचे सात-आठ पैसे सोडले. पुन्हा एकदा करार मोडायची वेळ येण्यापेक्षा ते स्वस्त वाटले.

२६ ला बाजारात डॉलर ८५.२५ च्या जवळ होता. डीलरने पहिल्यांदा सांगितलं: रद्द ८५.३२ ने, नवा करार ८५.३६ ने. मी आकडे लिहून घेतले आणि एक वजाबाकी केली. नवा भाव वजा रद्दचा भाव, चार पैसे. ३० डिसेंबर ते १४ फेब्रुवारी एवढ्या काळाचा प्रीमियम बाजारात २५ पैशांच्या आसपास होता. म्हणजे उरलेले २१ पैसे बँक ठेवत होती. रोलओव्हरमध्ये स्पॉटचा भाव काय आहे याने तुम्हाला फारसा फरक पडत नाही, कारण तो दोन्ही बाजूंना येतो. बघायची ती ही वजाबाकी. डीलर रद्द करताना विक्रीचा भाव लावतो, नवा करताना खरेदीचा, आणि दोन्हीवर पुन्हा मार्जिन घेतो. दोन वेगळे सौदे असते तर ते रास्त होतं, पण इथे प्रत्यक्षात तो बाजारात फक्त तारीख बदलतो आहे.

मी मॅडमना म्हटलं, "दोन्ही बाजूंना एकच स्पॉट धरा आणि मार्जिन एकदाच घ्या, एवढी विनंती आहे." त्या म्हणाल्या, "विचारते, थांबा." पाच-सात मिनिटं गाणं वाजत राहिलं. परत आल्या ते आकडे होते ८५.२७ आणि ८५.४५. वजाबाकी १८ पैसे. आधीपेक्षा १४ पैसे जास्त, ५०,००० वर ७,००० रुपये. भांडण नाही, काही नाही. विचारलं म्हणून मिळालं. डन.

मग खात्यातून गेले ते असे: ८५.२७ वजा ८४.४५, म्हणजे ८२ पैसे, ५०,००० वर ४१,००० रुपये. वर रद्द करण्याचे ८८५ आणि नव्या कराराचे ८८५. करारावर ५% मार्जिन म्हणून आमची एक ठेव बँकेकडे तारण होती, ती नव्या करारालाही चालली. तुमची ठेव कमी पडत असेल तर त्या दिवशी ती वाढवायला सांगतात, आणि खात्यात फरकाएवढी शिल्लक नसेल तर रोलओव्हर होतच नाही, फक्त रद्द होतो. म्हणून आदल्या दिवशी अंदाजे फरक काढून तेवढे पैसे खात्यात ठेवा, वर थोडे जास्त. आम्ही दोन पुरवठादारांना सोमवारपर्यंत थांबायला सांगून हे जमवलं.

दादा त्या दिवशी खरोखर वैतागला. "पैसे त्याने दिले नाहीत, आणि भरायचे आपण? वर परत बुक कशाला केलंस? रुपया पडतोय, उघडं ठेवलं असतं तर फेब्रुवारीत जास्त मिळाले असते." पहिल्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्यावर मी त्याला आमचं कोटेशन दाखवलं. व्हॉल्व्हचा भाव आम्ही डॉलर ८४ धरून काढला होता, कास्टिंग आणि मजुरी त्यावर बसवली होती. ८४ च्या खाली आलं तर नफा संपतो. फेब्रुवारीत रुपया कुठे असेल ते दोघांनाही माहीत नव्हतं.

नव्या कराराचं कन्फर्मेशन दुसऱ्या दिवशी मेलवर आलं. ते नीट वाचा. आमच्यात खिडकीऐवजी फक्त २८ फेब्रुवारी छापलं होतं. फोन रेकॉर्ड होता म्हणून दुरुस्ती लगेच झाली, पण सही करून पाठवल्यावर लक्षात आलं असतं तर २१ तारखेचे डॉलर "मुदतीआधी" ठरले असते.

जानेवारी शांत गेला. फेब्रुवारी नाही. १० फेब्रुवारीला डॉलर ८७.९५ पर्यंत गेला, तोवरचा उच्चांक, आणि दादाने काही न बोलता मोबाइल माझ्यासमोर ठेवला. दुसऱ्याच दिवशी रिझर्व्ह बँकेच्या हस्तक्षेपानंतर तो ८७ च्या खाली आला. मीही मोबाइल दाखवला असता, पण आमचा भाव दोन्ही दिवशी ८५.४५ च होता.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. पैसे आले, ग्राहकाने सांगितलेल्या तारखेच्या चार दिवस आधी. पण ५०,००० नाही, ४९,९६५. मधल्या बँकेने ३५ डॉलर कापले होते. करार ५०,००० चा. ३५ डॉलरसाठी पुन्हा रद्द करण्याचं पत्र, चार्ज, जीएसटी! ईईएफसीत तेव्हा असलेल्या डॉलरमधून ३५ दिले आणि करार पूर्ण झाला. निर्यातदाराने थोडे डॉलर खात्यात ठेवावेत ते यासाठी.

आता ५०,००० चा हिशेब. ८५.४५ ने ४२,७२,५०० रुपये मिळाले. त्यातून डिसेंबरात भरलेले ४१,००० वजा केले की ४२,३१,५००, म्हणजे डॉलरमागे ८४.६३. ऑगस्टमध्ये ठरलेला भाव ८४.४५. वरचे १८ पैसे म्हणजे तीच वजाबाकी. डिसेंबरात गेलेले ४१,००० कुठे गेले नव्हते, आठ आठवडे अडकले होते. त्या काळाचं आमच्या कॅश क्रेडिटवरचं व्याज आणि चार्जेस हा लांबण्याचा खरा खर्च, आणि तो या १८ पैशांच्या ९,००० रुपयांत भागला. मी हा कागद दादाला दिला. त्याने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "आणि रुपया वर गेला असता तर?" तर उलट झालं असतं: डिसेंबरात बँकेने आम्हाला फरक दिला असता आणि फेब्रुवारीत तेवढाच कमी भाव मिळाला असता. एक फरक आहे. करार पक्क्या ऑर्डरवर नसून अपेक्षित निर्यातीच्या अंदाजावर केलेला असेल, तर रद्द केल्यावरचा निव्वळ नफा बँक तेव्हा देत नाही. ते पैसे प्रत्यक्ष येतील तेव्हाच देते. करार करताना तुमचा व्यवहार कोणत्या रकान्यात टाकला आहे हे विचारून ठेवा.

सीएंकडे फाइल दिली तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. करार रद्द करताना किंवा नूतनीकरण करताना झालेला नफा-तोटा त्याच वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात जातो, म्हणून ४१,००० डिसेंबरच्याच तारखेला खर्ची पडले. पैसे मार्चच्या पुढे गेले असते तर खर्च एका वर्षात आणि मिळकत दुसऱ्यात दिसली असती. आणि रद्द केलेल्या २२,००० चा तोटा कुणी सट्ट्याचा म्हणू नये यासाठी ऑर्डर, रद्दपत्र आणि बँकेची डेबिट नोट एकत्र टाचून ठेवायला सांगितलं. कापूस निर्यातदाराने फॉरवर्ड रद्द केल्याचा तोटा धंद्याचाच तोटा मानणारा मुंबई उच्च न्यायालयाचा २००३ चा निकाल आहे, पण तो करारामागे खरी निर्यात होती म्हणून. कागद नसेल तर निकालाचा उपयोग नाही.

शिपिंग बिल आणि आलेले पैसे बँकेच्या प्रणालीत जुळायला आणखी काही दिवस लागले. ३५ डॉलरची तूट बँक चार्जेस म्हणून दाखवली, मग परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या संकेतस्थळावर ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचं प्रमाणपत्र, काढलं.

एप्रिलमध्ये त्याच ग्राहकाची नवी ऑर्डर आली, पुन्हा दोन लॉट. या वेळी मी एका कराराऐवजी दोन केले, प्रत्येक लॉटचा वेगळा, दोन्हींना तीन आठवड्यांची खिडकी. ऑर्डरमध्ये एक ओळ घालायला सांगितली आहे: रद्द केल्यास चलन करार मोडण्याचा फरक खरेदीदार देईल. त्यांनी ती अजून मान्य केलेली नाही, पण खोडलेलीही नाही.